वसतिगृह सोडून चालले आहे, मुलींना निरोपाची चिठ्ठी कशी लिहू?

खानापूरची_आक्का

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. तिथे मी राहती वॉर्डन. मुली ३१, दुसरीपासून दहावीपर्यंतच्या. बहुतेकींचे आईवडील गोव्यात हॉटेलात नाहीतर बांधकामावर, काहींचे ऊसतोडीला. मुली मला आक्का म्हणतात.

गडहिंग्लजला माझी आई एकटी असते. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता तिला उठवायबसवायला माणूस हवं आणि ते मीच. संस्थेला राजीनामा दिलाय. ११ एप्रिलला मुली सुट्टीला घरी जातील, त्याच दिवशी मी पण निघेन. नव्या बाई बैलहोंगलकडच्या. त्यांना मराठी समजतं, पण बोलायला लागल्या की कन्नड येतं. (इथे कृपा करून सीमाप्रश्न काढू नका, त्याला दुसरे धागे आहेत.)

मुलींना अजून सांगितलेलं नाही. एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. कार्यवाह म्हणाले, शेवटच्या दिवशी बस यायच्या आधी प्रत्येकीच्या हातात द्या. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्यांना सांगताही येईना. चिठ्ठी अशी:

«माझ्या लाडक्या मुलींनो, तुम्ही माझ्या पोटच्या लेकींसारख्या. काही कारणाने मला जावं लागत आहे. मी कुठेही असले तरी तुमच्या जवळच असेन. लवकरच तुम्हाला भेटायला येईन. नव्या बाईंना त्रास देऊ नका, शहाण्यासारख्या वागा, खूप अभ्यास करा, नाहीतर मला वाईट वाटेल. तुमची आक्का.»

यात काय कमी आहे, काय जास्त आहे? स्पष्ट सांगा.

निपाणीकर

आक्का, छान लिहिलंय की! फक्त सुरुवातीला चार ओळींची कविता टाका, सभेत वजन पडतंय. आमच्या शाळेत हेडसरांच्या निरोप समारंभाला मीच सूत्रसंचालन केलं होतं. शाल-श्रीफळ कार्यवाहांच्या हस्ते, मग दोन मुलींची मनोगतं, मग तुमचं उत्तर, शेवटी अल्पोपहार. मनोगतं आधी पाठ करून घ्या, नाहीतर पोरी रडत बसतात आणि कार्यक्रम लांबतोय.

निवृत्त_निलयपालक

मी सरकारी वसतिगृहांत नोकरी केली, चिक्कोडी आणि रायबाग भागात. बदल्या बहुधा मे-जूनमध्ये व्हायच्या, त्यामुळे मुलं सुट्टीत असताना आम्ही चार्ज देऊन मोकळे. चिठ्ठी वगैरे भानगड नव्हती. धान्याचा साठा, गाद्या, भांडी, हजेरीपट, मुलांच्या बँक पासबुकांची यादी, सगळं लिहून दोघांच्या सह्या. तुम्हीही चार्ज यादी आधी करा. भावना नंतर. यादी अर्धवट राहिली तर सहा महिन्यांनी चार पातेल्यांचा हिशेब तुमच्याकडे मागतील.

मुलांना आधीपासून सांगितलं की अभ्यास बसतो, खासकरून दहावीच्या. पेपर संपेपर्यंत एक अक्षर बोलू नका.

लोंढा_जंक्शन

निलयपालक सर, तुमचा मान राखून सांगतो. मी असल्याच एका वसतिगृहात वाढलो, नाव सांगत नाही. पाचवीत होतो. दिवाळीला घरी गेलो, परत आलो तर सरांच्या खोलीला दुसरं कुलूप. आतून दुसऱ्याच माणसाच्या खोकल्याचा आवाज. कुणी काही सांगितलं नाही. आम्ही चौघांनी सुट्टीच्या आदल्या रात्री कोठीतला गूळ चोरला होता. आमचं पक्कं ठरलं की सरांवर तो आळ आला आणि त्यांना काढलं. कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घेतली. पुढे कॉलेजात असताना कळलं, त्यांना साधी दुसरीकडे नोकरी लागली होती. तोवर मी ते मनात धरून होतो. गूळ खरं आम्हीच खाल्ला होता, ते वेगळं.

आक्का, तुमच्या चिठ्ठीत «काही कारणाने» आहे. ते कारण लिहा. नाहीतर तिथं प्रत्येक पोरगी आपापला गूळ भरेल.

समुपदेशक_टिळकवाडी

लोंढा_जंक्शन यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी बेळगावात मुलांच्या संस्थांमध्ये समुपदेशनाचं काम करते. माणूस न सांगता गेलं की मूल कारण स्वतःत शोधतं. लहान वयात जगात जे घडतं ते आपल्यामुळेच घडतं असं वाटत असतं. आणि तुमच्याकडच्या बऱ्याच मुलींच्या बाबतीत एक मोठं माणूस आधीच कधीतरी निघून गेलेलं आहे. त्यामुळे तुमची चिठ्ठी त्या आधीच्या जाण्याच्या शेजारी ठेवून वाचतील.

म्हणून एकेक वाक्य बघू.

«पोटच्या लेकींसारख्या». आठ वर्षांची मुलगी लगेच विचारेल, मग पोटच्या लेकीला सोडून कोण जातं? तुमचं प्रेम खरं आहे, पण ते नात्याच्या नावाने सांगू नका. तुम्ही काय काय पाहिलंय ते सांगा, प्रेम त्यातून कळतं.

«कुठेही असले तरी जवळच असेन». मोठ्यांना हे गोड वाटतं. दुसरी-तिसरीतलं मूल शब्दशः घेतं. मी एका संस्थेत बघितलंय, मुलगा रोज संध्याकाळी जुन्या ताईंची खोली उघडून बघायचा, कारण त्या म्हणाल्या होत्या मी इथेच आहे.

«लवकरच भेटायला येईन». याच्यावर मी सगळ्यात कडक आहे. तारीख ठरलेली नसेल आणि ती पाळणं शंभर टक्के तुमच्या हातात नसेल तर हे वाक्य काढा. आई अंथरुणावर असताना तुम्ही गडहिंग्लजहून जांबोटीला कधी याल? बहुतेक नाही. मग तसंच लिहा.

«त्रास देऊ नका, नाहीतर मला वाईट वाटेल». याचा अर्थ मुली असा लावतील की आम्ही त्रास दिला म्हणून आक्का गेल्या. शिवाय नव्या बाईंचं काही खरंच चुकलं तरी मुली बोलणार नाहीत, तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून. हे धोक्याचं आहे, त्यावर नंतर लिहिते.

आता वेळ. शेवटच्या दिवशी बसच्या दारात चिठ्ठी देणं म्हणजे मुलीने ती एकटीने, गाडीत, अनोळखी माणसांत वाचायची. रडायचं असेल तर रडायला जागा नाही, विचारायचं असेल तर तुम्ही नाही. कार्यवाहांना हेच सांगा.

निवृत्त_निलयपालक

पण दहावीचं काय? पेपर मार्चअखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ऐन परीक्षेत सांगून एखादी नापास झाली तर जबाबदार कोण?

समुपदेशक_टिळकवाडी

सर, तुमची काळजी अर्धी बरोबर आहे. पेपरच्या आदल्या रात्री सांगू नये, हे खरं. पण पेपर संपेपर्यंत गुपित राहतं, हे खरं नाही. आक्का, स्वयंपाकाच्या मावशींना माहीत आहे ना? नव्या बाई खोली बघायला येऊन गेल्या का?

खानापूरची_आक्का

मावशींना माहीत आहे. नव्या बाई गेल्या रविवारी कार्यवाहांबरोबर आल्या होत्या. मुलींना सांगितलं, पाहुण्या आहेत. आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, सातवीतल्या एकीने त्याच रात्री विचारलं, «आक्का, पाहुण्यांनी तुमचं कपाट का मोजलं?»

समुपदेशक_टिळकवाडी

म्हणजे बातमी फुटलीच आहे, फक्त तुमच्या तोंडून यायची राहिली आहे. कुजबुजीवर अभ्यास जास्त बिघडतो. मी असते तर दहावीच्या मुलींना वेगळं बसवून या आठवड्यातच सांगितलं असतं, पेपर सुरू व्हायला अजून अवकाश आहे तोवर. त्यांना बातमीपेक्षा एक गोष्ट जास्त हवी असते: परीक्षा संपेपर्यंत तुम्ही इथेच आहात का? आहात. ते तारखेसकट सांगा.

बाकीच्यांना त्याच संध्याकाळी. दहावीला सकाळी आणि लहानांना चार दिवसांनी असं करू नका, गुपित सांभाळायचं ओझं मोठ्यांवर येतं. सांगायची वेळ दुपारच्या चहाची. रात्री झोपायच्या आधी नको, अंधारात भीती वाढते.

घटप्रभा

मी शिक्षिका आहे. मला टिळकवाडीच्या ताईंचं सगळं पटतं, पण दहावीबद्दल नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी घरच्या बातमीने पूर्ण कोलमडली होती. प्रत्येक मूल वेगळं. आक्कांनी आधी त्या मुलींच्या वर्गशिक्षकांशी बोलावं, मग ठरवावं.

वडगावची_काकू

माझा अनुभव थोडा वेगळा. आम्ही बालकल्याण समितीच्या आदेशाने एका मुलाला घरी सांभाळलं होतं, फॉस्टर केअरमध्ये. पुढे त्याचे काका तयार झाले आणि तो त्यांच्याकडे गेला. तिथे मूल गेलं, आम्ही राहिलो, म्हणजे आक्कांच्या उलट. पण चिठ्ठी मीही लिहिली होती. एक वही केली. त्यात तो आला तेव्हाचा फोटो, कुठला दात कधी पडला, ताप कधी आला, त्याला भाकरीचा पापुद्रा कसा आवडतो, असलं सगळं. शेवटच्या पानावर पत्र.

जायच्या आदल्या दिवशी वही दिली तर त्याने पलंगाखाली फेकली. आठवडाभर आधीपासून माझ्याशी भांडत होता, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता. मला वाटलं आपलं सगळं वाया गेलं. नंतर काकांचा फोन आला, वही उशाखाली घेऊन झोपतो म्हणे.

माझा एकच सल्ला, मुलांसमोर रडू नका. त्यांना वाटतं काहीतरी भयंकर घडलंय.

समुपदेशक_टिळकवाडी

काकू, थोडंसं डोळ्यांत पाणी आलं तर बिघडत नाही. मुलांना कळतं की वाईट वाटण्यासारखीच गोष्ट आहे. मुलीच तुमची समजूत काढत बसतील, इतकं मात्र रडू नये.

आणि भांडण, अंथरूण ओलं होणं, जेवण टाकणं, हे सगळं आक्कांना दिसेल. सांगितल्यावर दोन-तीन दिवसांत सुरू होतं. काही मुली तुमच्याशी बोलणंच बंद करतील, नव्या बाईंचं उगाच कौतुक करतील. सोडून जायच्या आधी आपणच सोडून द्यायचं, असला तो प्रकार. त्यावर शिक्षा नको, «मी एवढं केलं आणि तुम्ही अशा» तर मुळीच नको. अगदी शांत, गुणी वागणारी मुलगी मात्र वेगळी बघा. जी काहीच विचारत नाही, तिच्याशी एकटीशी बोला.

आता तो धोक्याचा मुद्दा. तुम्ही गेलात की मुलींचं «सांगायचं माणूस» जातं. कुणी अंगाला हात लावला, कुणी पैसे मागितले, घरी जायचं नाहीये, हे आजवर तुम्हाला सांगत होत्या. नव्या माणसावर विश्वास बसेपर्यंत काही महिने जातात आणि त्या काळात मुली एकट्या पडतात. म्हणून चिठ्ठीत दोन माणसांची नावं हवीत: एक वसतिगृहातलं, एक बाहेरचं, शाळेतल्या बाई वगैरे. त्या दोघांना आधी विचारून घ्या. आणि १०९८ हा क्रमांक, मुलांसाठीची हेल्पलाइन, फोनला पैसे पडत नाहीत. चिठ्ठीत लिहा आणि फोनजवळच्या भिंतीवरही लावा.

निपाणीकर

म्हंजे समारंभ नाही होय? मी आपलं कविता शोधत बसलो होतो. राहू दे. खरं अल्पोपहार ठेवा, पोरींचा तेवढा हक्क हाय.

खानापूरची_आक्का

निपाणीकर, अल्पोपहार होईल. मावशींनी शिऱ्याचं ठरवलंय.

सगळ्यांचं वाचून काल रात्री पुन्हा लिहिलं. दुसरीतल्या मुलींना वाचता येत नाही सगळं, म्हणून मोठ्याने वाचेन आणि मग एकेक प्रत देईन. बघा:

«मुलींनो,

मी ११ एप्रिलला वसतिगृह सोडून गडहिंग्लजला राहायला चालले आहे. माझी आई तिथे एकटी असते. ती पडली आणि तिचं हाड मोडलं. तिला उठायला, बसायला, अंघोळीला माणूस लागतं. म्हणून मी चालले आहे. तुमच्यापैकी कुणी काही केलं म्हणून नाही. मला कुणी काढलं म्हणूनही नाही.

११ एप्रिलपर्यंत मी इथेच आहे. दहावीच्या मुलींच्या शेवटच्या पेपरलाही मीच डबा भरून देणार आहे.

सुट्टीनंतर तुम्ही याल तेव्हा माझ्या खोलीत नव्या बाई असतील. त्या दिवशी आल्या होत्या त्याच. त्यांना मराठी कळतं. बोलताना कन्नड येतं, तेव्हा तुम्ही शाळेत शिकलेलं कन्नड त्यांच्याशी बोला, चुकलं तरी चालेल. त्या ४ एप्रिलपासून आपल्याबरोबर राहायला येतील. आठवडाभर आम्ही दोघी असू.

बऱ्याच गोष्टी आहेत तशाच राहतील. मावशी त्याच. रविवारचा फोन १० ते १२. पॅड कपाटाच्या खालच्या फळीवर, मागायचे नाहीत, घ्यायचे. बोळातला दिवा रात्रभर चालू राहील, हे मी नव्या बाईंकडून कबूल करून घेतलं आहे. काही गोष्टी बदलतील. शनिवारी न्हायल्यावर त्या वेण्या घालतील की नाही मला माहीत नाही.

कुणी त्रास दिला, भीती वाटली, घरी काही झालं, तर मावशींना सांगा किंवा शाळेतल्या कन्नडच्या बाईंना. दोघींशी मी बोलले आहे. दोघींना नाही सांगावंसं वाटलं तर १०९८ ला फोन करा.

मी पुन्हा इथे राहायला येणार नाही. मला जाताना वाईट वाटतंय. तुम्हाला वाईट वाटेल, राग येईल, किंवा काहीच वाटणार नाही. तिन्ही चालेल.

आक्का.»

एक अडचण आहे. चौथीत एक मुलगी आहे. तिची आई तिला इथे सोडताना आठ दिवसांत येते म्हणून गेली आणि आली ती पुढच्या वर्षी. अजून ती दर रविवारी फोनची वेळ संपली तरी फाटकाजवळ बसते. हिला काय लिहू?

लोंढा_जंक्शन

बोळातल्या दिव्याचं वाचून थांबलो जरा. हे असलंच लिहा आक्का.

निवृत्त_निलयपालक

नव्या बाई आठवडाभर आधी येणार हे चांगलं. आमच्या वेळी चार्ज एका दुपारात व्हायचा. संस्थेने दोन पगार द्यायचं मान्य केलं? त्याचं लेखी घ्या.

समुपदेशक_टिळकवाडी

ही चिठ्ठी द्या. मी एकच शब्द बदलेन. «कबूल करून घेतलं आहे» याऐवजी «नव्या बाईंनी सांगितलं आहे» असं लिहा, म्हणजे दिवा त्यांनी दिला असं होईल. त्यांच्या खात्यावर पहिली चांगली गोष्ट जमा होते.

चौथीच्या मुलीबद्दल. सगळ्यांची चिठ्ठी सगळे वाचतील, बसमध्ये, घरी, दुसरी मुलगी ओढून घेऊनसुद्धा. म्हणून कुणाचंही घरचं, आजाराचं, अंथरुणाचं त्यात काही नको, हे तुम्ही पाळलंय. तिला वेगळी छोटी चिठ्ठी द्या. तिच्या आईबद्दल त्यातही अक्षर नको. तिच्याकडे दोन गोष्टी पोचायला हव्यात. एक, तुम्ही जाणार तो दिवस तुम्ही सांगितलात आणि त्याच दिवशी गेलात. तिच्या आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा कुणी सांगितल्याप्रमाणे जाईल. तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिलाच खूण करायला लावा, रोज एक दिवस खोडायला लावा. दोन, तुम्ही तिच्यात पाहिलेली एक बारीक गोष्ट, जी दुसऱ्या कुणाला माहीत नाही. «तू हुशार आहेस» नको. ते कुणालाही लागू पडतं.

खानापूरची_आक्का

ती पावसाळ्यात छपराखालच्या भिंतीवरच्या गोगलगायी उचलून पायवाटेपासून लांब ठेवते, तुडवल्या जाऊ नयेत म्हणून. कुणाला सांगत नाही. मी खिडकीतून बघते.

मग असं लिहू का? «पावसात तू गोगलगायी वाटेवरून उचलतेस ते मी पाहिलंय. मी ११ तारखेला, शुक्रवारी, सकाळी नऊच्या बसने जाणार. कॅलेंडरवर तू खूण केलीस तीच तारीख. त्याच्या आधी जाणार नाही. नंतर परत येणार नाही. रविवारी फाटकाजवळ बसलीस तर मावशी तुला आत जेवायला बोलावतील, त्यांना मी सांगितलंय.»

समुपदेशक_टिळकवाडी

हो. आता यात काही वाढवू नका.

वडगावची_काकू

«परत येणार नाही» हे एवढं उघड? माझ्याच्याने नसतं लिहवलं. निदान पत्र तरी पाठवीन म्हणा. फोन नंबर द्या ना.

निवृत्त_निलयपालक

नंबर अजिबात नको. माझ्या ओळखीच्या एका निलयपालकांनी दिला होता. मुलं रात्री-अपरात्री नव्या निलयपालकांची तक्रार करायची, हे इथून फोन करून त्यांना सुनवायचे. दोन वॉर्डन झाले एका वसतिगृहाला. तीन महिन्यांत नवा माणूस सोडून गेला.

लोंढा_जंक्शन

सर, मला त्या वेळी साधा पत्ता जरी मिळाला असता तर मी गुळाचं विचारलं असतं.

समुपदेशक_टिळकवाडी

माझं मत मधलं आहे. मुलींच्या हातात नंबर नको. संस्थेच्या पत्त्यावर, सगळ्यांना मिळून एक पत्र, ठरलेल्या महिन्यात, नव्या बाईंच्या हस्ते. पण आधी कबूल करायचं असेल तरच, आणि कबूल केलं तर आई आयसीयूत असली तरी पाठवायचं. तेवढी खात्री नसेल तर चिठ्ठीत लिहू नका आणि मनात आलं तर पाठवा. न सांगता आलेलं पत्र कुणाचं वाईट करत नाही, सांगून न आलेलं करतं. आणि संस्थेचं बालसंरक्षणाचं धोरण असेल तर त्यात सोडून गेलेल्या माणसाच्या संपर्काबद्दल काय लिहिलंय ते बघा. कार्यवाहांना विचारल्याशिवाय काहीच नको.

घटप्रभा

आणि दहावीच्या मुली? त्या परत येणारच नाहीत. त्यांच्यासाठी नव्या बाई, फोनची वेळ, हे सगळं निरुपयोगी आहे. त्यांना निकालानंतर कॉलेजचा फॉर्म, जातीचा दाखला, पोस्ट-मॅट्रिक वसतिगृह, यात मदत कोण करणार ते लिहा. आक्काच करत होत्या ना हे?

खानापूरची_आक्का

हो, मीच. बरं झालं बोललात, माझ्या डोक्यात नव्हतं. दहावीच्या सहाजणींची चिठ्ठी वेगळी करते. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले मी जायच्या आधीच अर्ज करून ठेवते, म्हणजे निकालाच्या वेळी नाडकचेरीत खेटे नकोत.

फोन नंबरचं अजून ठरत नाही. कार्यवाह नको म्हणतात, मावशी द्या म्हणतात.

खानापूरची_आक्का

काल सांगितलं. दुपारी दहावीच्यांना, चहाच्या वेळी बाकीच्यांना. दहावीच्या वर्गशिक्षकांशी आधी बोलले होते. एक मुलगी रडली, बाकीच्यांनी विचारलं डबा कोण देणार. मीच देणार, चिठ्ठीत लिहिलंय, असं म्हटल्यावर उठून अभ्यासाला गेल्या. खरं किती बसलं मनात ते पेपरनंतर कळेल.

लहानांत गोंधळ झाला. तिसरीतल्या दोघींनी नव्या बाईंची नक्कल केली. सातवीतली म्हणाली, मला माहीत होतं, कपाट मोजलं तेव्हाच. चौथीतलीने चिठ्ठी घेतलीच नाही. हात मागे बांधून उभी राहिली. कॅलेंडरवर खूण मात्र तिनेच केली, आणि चुकून १२ वर केली होती ती खोडून ११ वर केली. चिठ्ठी आता माझ्याकडेच आहे. तिच्या पेटीत गुपचूप ठेवू का?

समुपदेशक_टिळकवाडी

गुपचूप नको. तिला सांगा की चिठ्ठी मावशींकडे ठेवली आहे, हवी तेव्हा माग. मागितली नाही तरी मावशींनी ती जपून ठेवायची, टाकायची नाही.

वडगावची_काकू

पलंगाखालून काढलेली वही आठवली. थांबा थोडं.

निवृत्त_निलयपालक

मावशी सुट्टीत गावी गेल्या आणि कोठीची साफसफाई निघाली तर चिठ्ठी रद्दीत जाईल. पाकिटात घाला, वर मुलीचं नाव आणि «न उघडता ठेवणे» लिहा, आणि चार्ज यादीत टाका. पासबुकांच्या खाली, अनुक्रमांक देऊन. नव्या बाईंची सही घ्या.